आरशातला पिवळा दिवा: कधी पेटावा, किती पेटावा

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर मधल्या लेनमधून ताशी ८० किलोमीटरने गाडी चालली आहे. पुढे ट्रक रेंगाळतोय, म्हणून उजव्या लेनमध्ये जायचं आहे. उजव्या आरशात पाहिलं तर रस्ता मोकळा दिसतो. इंडिकेटर देताच आरशाच्या कडेला एक छोटा पिवळा दिवा लुकलुकू लागतो, आणि मान वळवून पाहिलं तर मागच्या दारापाशी एक गाडी असते. आरशातून ती निसटली होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यात अजून शिरली नव्हती. या मधल्या पट्ट्याला आपण ब्लाइंड स्पॉट म्हणतो. दिवा पेटवणारं यंत्र म्हणजे मागच्या बंपरमध्ये बसवलेले दोन छोटे रडार.

काही वर्षांपूर्वी ही सोय फक्त परदेशी महागड्या गाड्यांत असायची. आता टोयोटा इनोव्हा हायक्रॉस, ह्युंदाई व्हर्ना, टाटा हॅरियर अशा गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत ती मिळते. ती वापरणाऱ्यांच्या दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. एक म्हणजे दिवा दुपारी दिसत नाही आणि रात्री डोळ्यांवर येतो. दुसरी म्हणजे तो फार लवकर तरी पेटतो किंवा फार उशिरा तरी. दोन्हींसाठी अनेक गाड्यांत सेटिंग असतं, आणि बहुतेक मालक तिथवर कधी पोचलेलेच नसतात. पण सेटिंग बदलण्याआधी रडार मागचं वाहन ओळखतं कसं, हे थोडं समजून घेतलेलं बरं. नाहीतर अंतर वाढवलं म्हणजे रडार जास्त लांबचं पाहू लागलं, असा समज होतो, आणि तसं काही होत नाही.

बंपरच्या आड

मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, तळहाताएवढा एकेक डबा बसवलेला असतो. बाहेरून तो दिसत नाही. आधीच्या गाड्यांत ही रडार साधारण २४ गिगाहर्ट्झवर चालत, नव्या गाड्यांत ७७ गिगाहर्ट्झची वाढली आहेत. या लहरी प्लॅस्टिकमधून आरपार जातात आणि धातूवर आपटून परततात. अंधार असो वा धुकं, त्यांना फारसा फरक पडत नाही. म्हणूनच या कामासाठी कॅमेऱ्यापेक्षा रडार सोयीचं ठरतं.

परतलेल्या लहरीवरून रडारला तीन गोष्टी काढायच्या असतात: वाहन किती लांब आहे, किती वेगाने जवळ येतंय आणि कुठल्या दिशेला आहे.

अंतर काढणं वाटतं तितकं सोपं नाही. ३० मीटरवरच्या गाडीवर आपटून लहर परत यायला एका सेकंदाच्या ५० लाखाव्या भागाइतका वेळ लागतो. एवढासा वेळ घड्याळ लावून मोजायचा तर यंत्र फार महाग होईल. म्हणून रडार एक युक्ती करतं. ते एकाच सुराची लहर न सोडता सतत चढत जाणारा सूर सोडतं. समजा, एका मिलिसेकंदात हा सूर २० कोटी हर्ट्झने चढतो. ३० मीटरवरून प्रतिध्वनी परत येईपर्यंत रडारचा स्वतःचा सूर आणखी वर सरकलेला असतो. त्या क्षणी सोडला जाणारा सूर आणि परत आलेला सूर यांतला फरक भरतो ४० हजार हर्ट्झ. गाडी १५ मीटरवर असेल तर फरक निम्मा, म्हणजे २० हजार. दोन सुरांतला फरक मोजणं स्वस्त चिपलाही सहज जमतं, आणि त्या फरकावरून थेट अंतर मिळतं.

वेगासाठी डॉप्लर परिणाम कामी येतो. फाटकाशी उभं राहिल्यावर जवळ येणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा सूर चढा लागतो आणि गाडी पुढे गेली की उतरतो. तोच प्रकार इथे रेडिओलहरींचा होतो. मागची गाडी तुमच्यापेक्षा ताशी ३६ किलोमीटर जास्त वेगाने येत असेल, तर २४ गिगाहर्ट्झच्या लहरीत सुमारे १६०० हर्ट्झचा फरक पडतो. फरक चढता असेल तर वाहन जवळ येतंय, उतरता असेल तर मागे पडतंय.

राहिली दिशा. रडारवर लहर झेलणारे अँटेना एकाहून जास्त असतात आणि त्यांच्यात काही मिलिमीटरचं अंतर असतं. तिरपी आलेली लहर एका अँटेनाला आधी आणि दुसऱ्याला किंचित उशिरा भेटते. त्या उशिरावरून कोन निघतो. अंतर आणि कोन हातात आले, की मागचं वाहन शेजारच्या लेनमध्ये आहे, तुमच्याच मागे आहे की दोन लेन पलीकडे आहे, हे ठरवता येतं.

कुणाला मोजायचं, कुणाला सोडायचं

रस्त्याच्या कडेचा लोखंडी कठडा, खांब, उभे ट्रक, बोगद्याची भिंत यांवरूनही लहरी परततातच. या सगळ्यांवर दिवा पेटायला लागला, तर तो बंद कधी होणारच नाही. इथे रडारला स्वतःच्या गाडीच्या वेगाचा आधार असतो. तुम्ही ताशी ८० ने जात असाल, तर स्थिर कठडा रडारला ताशी ८० ने मागे पळताना दिसतो. दोन्ही आकडे जुळले, की ती वस्तू जमिनीला खिळलेली आहे असं समजून रडार तिला सोडून देतं. समोरून येणारी वाहनंही अशीच वगळली जातात.

तुम्ही वेगाने मागे टाकलेलं वाहनही बहुधा वगळलं जातं. तुम्ही ८० ने आणि शेजारचा ट्रक ४० ने चालला असेल, तर तो क्षणात मागे पडतो आणि दिवा पेटतच नाही. नवे मालक हे पाहून रडार बिघडलं असं समजतात. तोच ट्रक ७५ ने चालला असेल, तर तो बराच वेळ तुमच्या मागच्या दारापाशी रेंगाळतो आणि दिवा पेटतो. दोन्ही वेळा यंत्र ठरल्याप्रमाणेच चाललेलं असतं.

६० मीटरचा अर्थ

टोयोटाच्या पुस्तिकांत या रडारचं क्षेत्र नेमकं आखून दिलेलं आहे. गाडीच्या कुशीपासून सुमारे अर्धा मीटर सोडून पुढे साडेतीन मीटरपर्यंतचा पट्टा रडार पाहतं. लांबीत पाहिलं तर मागच्या बंपरच्या एक मीटर पुढून ते बंपरच्या तीन मीटर मागेपर्यंत खास ब्लाइंड स्पॉटचा भाग येतो. त्याच्याही मागे, ६० मीटरपर्यंत, वेगाने जवळ येणारी वाहनं टिपली जातात. गाडीचा वेग ताशी साधारण १६ किलोमीटरच्या वर गेला की यंत्र कामाला लागतं.

पण ६० मीटरवर गाडी आली की दिवा पेटतो, असं मात्र नाही. रडार आधी त्या वाहनाचं अंतर त्याच्या जास्तीच्या वेगाने भागतं आणि ते आपल्यापाशी किती सेकंदांत पोचेल हे काढतं. दिवा पेटतो तो या सेकंदांवरून. लेन बदलताना मदत करणाऱ्या यंत्रणांसाठी आयएसओ १७३८७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात मागच्या वाहनाच्या जास्तीच्या वेगानुसार तीन वर्ग आहेत: सेकंदाला १०, १५ आणि २० मीटर. त्यांच्यासाठी इशाऱ्याचे सेकंद अनुक्रमे अडीच, तीन आणि साडेतीन धरलेले आहेत. गुणाकार केला तर अंतरं येतात २५, ४५ आणि ७० मीटर.

आता सुरुवातीच्या द्रुतगती मार्गावर परत येऊ. तुमचा वेग ८०, आणि इशाऱ्याची वेळ तीन सेकंद धरू. उजव्या लेनमधली गाडी शिस्तीत १०० ने येत असेल, तर फरक २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ती सुमारे १७ मीटरवर आली की दिवा पेटेल. तीच गाडी १२० ने आली तर दिवा ३३ मीटरवर पेटेल आणि १४० ने आली तर ५० मीटरवर. सेटिंगला तुम्ही हातही लावलेला नाही, तरी अंतर १७ वरून ५० वर गेलं. म्हणून कधी तो लांबच्या गाडीवर पेटतो आणि कधी अगदी जवळच्या गाडीवरही उशिरा पेटल्यासारखा वाटतो.

आणखी एक हिशेब करून पाहा. सावकाश लेन बदलायला चार-पाच सेकंद लागतात आणि इशारा तीन सेकंदांचा आहे. म्हणजे दिवा विझलेला असताना तुम्ही लेन बदलायला घेतली, तरी ती बदलून होण्याआधी १४० ची गाडी तुमच्यापाशी पोचू शकते. इशाऱ्याची वेळ वाढवण्याची गरज इथे पडते.

सेटिंग कुठे असतं

इनोव्हा हायक्रॉसचं उदाहरण घेऊ. गाडी सुरक्षित जागी उभी करा, गिअर पार्कमध्ये ठेवा आणि पॉवर चालू राहू द्या. हे काम चालत्या गाडीत करायचं नाही. स्टिअरिंगवरच्या बाणांच्या बटणांनी चालकासमोरच्या पडद्यावर दातेरी चाकाचं चिन्ह निवडा. तिथून वर-खाली सरकत BSM या ओळीवर या आणि OK दाबून धरा. आत तीन गोष्टी सापडतात: यंत्रणा चालू-बंद करणं, आरशातल्या दिव्याचा उजेड आणि इशाऱ्याची वेळ. टोयोटाच्या वेगवेगळ्या गाड्यांत आणि वर्षांत पडद्यावरची नावं थोडी बदलतात. कुठे Brightness आणि Sensitivity असं लिहिलेलं असतं, तर कुठे फक्त चिन्हं असतात.

इशाऱ्याच्या वेळेत सहसा चार पर्याय असतात. Early निवडलं तर दिवा लवकर पेटतो, Late निवडलं तर उशिरा, आणि Intermediate हा मधला पर्याय. चौथा पर्याय मागून येणाऱ्या वाहनांना सोडून देतो आणि वाहन प्रत्यक्ष ब्लाइंड स्पॉटमध्ये शिरल्यावरच दिवा पेटवतो. या पर्यायांना सेकंदांचे आकडे पुस्तिकेत जोडलेले नसतात. पण वरचा हिशेब लक्षात असेल तर ते काय करतात हे कळतं. रडार पूर्वीइतकंच लांब पाहत राहतं, फक्त ते तुम्हाला सांगायला किती सेकंद शिल्लक असताना येतं, एवढंच बदलतं.

ह्युंदाईच्या गाड्यांत हीच गोष्ट मधल्या मोठ्या पडद्यावर, चालक-साहाय्याच्या भागात Warning Timing या नावाने असते. तिथे नेहमीची वेळ आणि Late असे दोनच पर्याय मिळतात, आणि आवाजाची पातळी वेगळी ठरवता येते. तिथे एक गोष्ट सांभाळायला हवी. ही वेळ बदलली की इतर चालक-साहाय्य यंत्रणांच्या इशाऱ्याची वेळही सोबत बदलू शकते. आरशातला दिवा उशिरा पेटावा म्हणून Late निवडलं आणि पुढच्या टकरीचा इशाराही उशिरा मिळू लागला, असं होऊ नये. बीएमडब्ल्यूमध्ये लवकर, मध्यम आणि उशिरा असे तीन पर्याय असतात.

मग निवडायचं काय? द्रुतगती मार्गावर वेगांतला फरक मोठा असतो, तिथे Early बरं. पुण्या-मुंबईच्या गर्दीत तेच ठेवलं तर दिवा जवळजवळ सतत पेटलेला राहतो, आणि सतत पेटलेल्या दिव्याकडे माणूस पाहणं सोडून देतो. शहरात मधला पर्याय पुरतो. चौथा पर्याय फक्त तुंबलेल्या वाहतुकीत उपयोगी आहे. तो ठेवून महामार्गावर गेलात, तर मागून वेगाने येणाऱ्या गाडीची खबर ती अगदी शेजारी आल्यावरच मिळेल.

निवडलेली वेळ बरोबर आहे का, हे पाहण्याची सोपी पद्धत आहे, पण त्यासाठी शेजारी कुणीतरी बसलेलं हवं. सरळ रस्त्यावर, दिवसा, एका वेगाने गाडी चालवा. दिवा पेटल्यापासून मागची गाडी तुमच्या मागच्या दाराशी येईपर्यंत सोबत्याने सेकंद मोजावेत. पाच-सहा गाड्यांवर हा अंदाज घ्या. मीटर मोजत बसू नका, ते दर वेळी वेगळे येणारच. सेकंद मात्र बऱ्यापैकी सारखे यायला हवेत.

उजेड किती ठेवायचा

हायक्रॉससारख्या गाडीत उजेडाचे दोनच पर्याय असतात: Bright आणि Dim. मे महिन्यात दुपारी आरशावर थेट ऊन पडलं, की तेजस्वी दिवाही फिका दिसतो, हे पुस्तिकाही मान्य करते. त्यामुळे दिवसा जास्त चालवणाऱ्याने Bright ठेवणंच योग्य. रात्री अंधाऱ्या रस्त्यावर तोच दिवा डोळ्यांत खुपतो, आणि डोळे दिपले की त्याच आरशात मागच्या गाडीचे दिवे नीट दिसत नाहीत. त्या वेळी Dim बरं.

उजेड ठरवताना डाव्या आरशावर विशेष लक्ष द्या. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून डावा आरसा लांब असतो आणि त्याचा दिवा चालकाच्या नजरेत तिरपा येतो. डाव्या खिडकीला गडद फिल्म असेल तर तो आणखी मंद दिसतो. उजव्या दिव्यावरून उजेड ठरवला, तर डावा दिवा दिसेनासा होतो. म्हणून आधी डावा दिवा दिसेल इतका उजेड ठेवा, मग उजवा सहन होतो का ते पाहा.

काही गाड्यांत हे काम अर्धं आपोआप होतं. ऑडीच्या साइड असिस्टमध्ये दिवा बाहेरच्या उजेडानुसार कमी-जास्त होतो आणि मालकाने फक्त मूळ पातळी ठरवायची असते. ती बदलत असताना दिवा क्षणभर नव्या उजेडात पेटून दाखवतो. रखरखीत उन्हात किंवा मिट्ट काळोखात मात्र यंत्र आपोआप टोकाच्या पातळीवर गेलेलं असतं. तेव्हा बदल करूनही काही फरक दिसत नाही, आणि लोकांना सेटिंग बिघडलं असं वाटतं. संध्याकाळच्या उजेडात बदल करून पाहिला की फरक दिसतो.

जे रडार पाहत नाही

आपल्या रस्त्यांवर या यंत्राची मोठी मर्यादा म्हणजे दुचाकी. पुस्तिकेत स्पष्ट म्हटलं आहे की छोट्या मोटरसायकली, सायकली आणि पादचारी ओळखण्यासाठी हे यंत्र बनवलेलं नाही. कधी कधी ते ओळखले जातातही, पण त्यावर विसंबता येत नाही. एक कारण दुचाकीच्या आकारात आहे. तिच्यावरून परतणारी लहर क्षीण असते. दुसरं कारण त्या अर्ध्या मीटरमध्ये आहे. सिग्नलला दोन गाड्यांच्या फटीतून अंगाला घासून निघणारा स्कूटरवाला नेमका त्या पट्ट्यातून जातो, आणि त्या वेळी तुमचा वेगही बहुधा १६ च्या खाली असतो. Early निवडल्याने यातलं काहीच सुधारत नाही.

घाटात आणखी एक अडचण येते. रडार लेनचे पट्टे पाहत नाही, ते शेजारची लेन अंदाजाने आखतं. तीव्र वळणावर तुमच्याच मागची गाडी त्याला शेजारच्या लेनमध्ये असल्यासारखी भासू शकते. अरुंद लेनमध्ये दोन लेन पलीकडची गाडी पट्ट्यात येते, तर रुंद लेनमध्ये शेजारची गाडी पट्ट्याबाहेर राहते. कोकणच्या पावसात बंपरवर चिखलाचा जाड थर बसला, की पडद्यावर यंत्रणा उपलब्ध नसल्याचा संदेश येतो. बहुतेक वेळा बंपरचे दोन्ही कोपरे धुऊन थोडा वेळ गाडी चालवली की तो निघून जातो.

खरा त्रास होतो डेंटिंग-पेंटिंगनंतर. मागून हलका धक्का लागतो, बंपरवर पुट्टी भरली जाते, वरून जाड रंग चढतो. ॲल्युमिनियमचे कण असलेला मेटॅलिक रंग आणि पुट्टीचा थर दोन्ही लहरी अडवतात. कोपऱ्यावर चिकटवलेला स्टिकर किंवा लोखंडी गार्डही तेच करतो. त्याहून फसवी चूक म्हणजे वाकलेला ब्रॅकेट. रडार फक्त तीन अंशांनी फिरलं, तर १० मीटरवरच्या गाडीची जागा अर्ध्या मीटरनेच चुकते, पण ६० मीटरवर ती तीन मीटरहून जास्त चुकते. लेनची रुंदी साडेतीन मीटरच्या आसपास असते, म्हणजे चूक जवळजवळ एका लेनची झाली. जवळच्या गाड्या बरोबर पकडल्या जातात, म्हणून मालकाला वाटतं की सगळं ठीक आहे.

ही चूक ओळखायला डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करा. वरचीच सेकंद मोजण्याची चाचणी दोन्हीकडे घ्या. एका बाजूला सेकंद सतत कमी येत असतील, किंवा सरळ रस्त्यावर फक्त तुमच्या मागे गाडी असताना एकाच बाजूचा दिवा पेटत असेल, तर सेटिंगशी खेळण्यात अर्थ नाही. बंपर उघडून ब्रॅकेट आणि रडारचा कोन तपासायला सांगा. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात रडारची तपासणी लिहिलेली आहे का, हे गाडी गॅरेजमध्ये सोडतानाच पाहिलेलं बरं.

आरसे मात्र आधी नीट लावा. ते नीट नसतील तर ब्लाइंड स्पॉट उगाच मोठा होतो. अमेरिकेत जॉर्ज प्लाट्झर यांनी १९९५ मध्ये आरशांच्या भूमितीवर निबंध लिहून एक सोपी रीत मांडली. आपल्या उजव्या बाजूच्या आसनासाठी ती अशी लावता येईल: डोकं उजव्या काचेला टेकवून उजवा आरसा इतका बाहेर फिरवा की आपल्या गाडीची कूस जेमतेम दिसेल. मग डोकं दोन आसनांच्या मध्ये नेऊन डावा आरसा तसाच लावा. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात दिसत नाही, म्हणून पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटतं. पण शेजारची लेन बरीच जास्त दिसते. असे आरसे लावल्यावर रडारच्या वाट्याला थोडंच काम उरतं, आणि तेवढं ते चोख करतं. दुचाकीसाठी मान वळवून पाहणं मात्र चुकत नाही.